‘सात टक्के वाढ’ वाचून सही केली, बिल अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी वाढून आलं

एकोणीस वर्षं अकाउंट्स बघतोय. टेम्पोवाल्याच्या पावतीतले चाळीस रुपये मला खटकतात. आणि तीन पानांच्या एका कागदावर मी कंपनीचे तीन लाख आठ हजार एकशे साठ रुपये घालवले. लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय, कारण मार्च जवळ आला की सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचे असले कोट, म्हणजे पुढच्या वर्षाच्या दराचे कागद, सगळ्यांच्याच मेलमध्ये येऊन पडतात.

आमचा भोसरीला छोटा कारखाना आहे. विकलेल्या मशिनच्या तक्रारी, सर्व्हिस इंजिनिअरांच्या व्हिजिटा, सुटे भाग, हे सगळं नोंदवायला 2022 मध्ये एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही. चाळीस लॉगिन, तीन वर्षांचा करार, 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2025. छापील दर एका लॉगिनला महिन्याला 1,500 रुपये होता, त्यावर ‘आज सही केलीत तर’ 40 टक्के सूट. म्हणजे 900 रुपये पडले. वर्षाचे 4,32,000, वर जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून पुढे तो धरत नाही.

आज म्हणजे कधी, तर 30 मार्चला संध्याकाळी. मार्च एंडला अकाउंट्सच्या माणसाची काय अवस्था असते ते मी सांगायला नको. तरीही मी कागद वाचला होता, हे ठासून सांगतो. नूतनीकरणाच्या कलमात ‘दरवाढ 7 टक्क्यांपेक्षा जास्त होणार नाही’ असं स्पष्ट होतं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, मालकांना दाखवली आणि म्हणालो, “साहेब, फार तर सात टक्के.” ती रेघ अजून फाइलमध्ये आहे. परवा बघितली तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

कारण सात टक्के कशावर, हे मी विचारलंच नाही.

6 जानेवारी 2025 ला नूतनीकरणाचा कोट आला. माझ्या डोक्यात आकडा तयार होता: 4,32,000 वर सात टक्के, म्हणजे 4,62,240. कोटवर होते 7,70,400, म्हणजे माझ्या आकड्यापेक्षा 3,08,160 जास्त. मला वाटलं टायपिंगची चूक. मी त्यांच्या माणसाला हसत फोन केला, हसत! तो म्हणाला, “सर, बरोबर आहे. अपलिफ्ट सातच टक्के लावलंय.” आणि खरंच सातच लावलं होतं. 1,500 वर सात टक्के म्हणजे 1,605. गुणिले चाळीस लॉगिन, गुणिले बारा महिने. कलमात ‘छापील दरावर’ हे दोन शब्द होते, आणि पहिल्या पानाच्या तळाशी, सुटीच्या रकान्याखाली बारीक अक्षरात, ‘सूट फक्त पहिल्या मुदतीपुरती’. वाढीची मर्यादा तिसऱ्या पानावर, सुटीचा शेवट पहिल्या पानावर. दोन्ही एका ओळीत असते तर शाळकरी पोरानेही बोट ठेवलं असतं. मर्यादा आम्ही न भरलेल्या दराला होती. आम्ही भरत होतो त्या 900 ला कसलीच मर्यादा नव्हती.

म्हणून कोट हातात आला की टक्केवारीकडे बघूच नका. जुन्या बिलावरून एका लॉगिनचा एका महिन्याचा, हातातून खरोखर गेलेला दर काढा, नव्या कोटवरून तसाच काढा, आणि शेजारी शेजारी लिहा. आमचे 900 आणि 1,605. दोन मिनिटांचं काम. पण हे करारावर सही करतानाच करायला हवं होतं, पहिल्या नूतनीकरणाचा आकडा त्यांच्याकडूनच रुपयांत लिहून घेऊन. टक्क्यांत नव्हे, रुपयांत.

ठीक आहे, म्हटलं, नको तुमचं सॉफ्टवेअर, 31 मार्चला बंद करा. त्यावर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “सर, ते तर रिन्यू झालंय.”

मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी ‘नको’ असं लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप बारा महिन्यांनी वाढतो. नव्वद दिवस हे मला माहीत होतं! पण मनात ‘तीन महिने, म्हणजे जानेवारीत बघू’ असं बसलं होतं. 31 मार्चपासून उलटं मोजा: मार्चचे 31, फेब्रुवारीचे 28, जानेवारीचे 31. बरोब्बर 90. शेवटची तारीख 31 डिसेंबर. कोट आला 6 जानेवारीला. दार बंद झाल्यावर सहाव्या दिवशी दर सांगितला. ज्या दरावर हो की नाही ठरवायचं, तो दर ठरवायची मुदत गेल्यावर येतो, आणि करारात कोट अमुक दिवस आधी पाठवायची त्यांच्यावर कसलीही सक्ती नाही. मी तपासलं. पहिल्यांदाच नीट तपासलं म्हणा.

आणि जिथे मला कळायलाच हवं होतं, ती वेळ नोव्हेंबरची. आमचे बारा इंजिनिअर वर्षभरात सोडून गेले होते, अठ्ठावीसच लॉगिन वापरात होते. मी 18 नोव्हेंबरला त्यांच्या माणसाला व्हॉट्सॲप केला, ‘पुढच्या वर्षी लॉगिन कमी करायचेत, नवा दर कळवा.’ निळ्या टिका आल्या. मग फोन आला. “सर, तुम्ही जुने कस्टमर, टेन्शन घेऊ नका. जानेवारीत निवांत बसून बोलू, मी स्पेशल प्राइस काढतो.” जानेवारीत! त्याला तारीख पाठ होती, मला नव्हती. धंद्यात विक्रीचा माणूस कधी निवांत बसतो का? जो माणूस 30 मार्चला संध्याकाळी सात वाजता सहीसाठी दारात उभा होता, तो नोव्हेंबरमध्ये घाई नको म्हणतो, तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी त्याला ‘थँक्स’ आणि वर हात जोडल्याची खूण पाठवली.

तो व्हॉट्सॲप मी नंतर पुरावा म्हणून पुढे केला. उत्तर आलं की नोटीस फक्त त्यांच्या कायदा विभागाच्या मेलवर चालते, ते अटींमध्ये आहे. अटी कुठे? कागदावर नाहीत, कागदावर एका वेबपानाची लिंक आहे. सही करता त्याच दिवशी त्या लिंकवरचं सगळं छापून फाइलला लावा, कारण ते पान पुढे बदलतं आणि तुमच्या वेळी काय होतं हे सिद्ध करत बसायला लागतं.

मग निदान अठ्ठावीसच लॉगिनचे पैसे घ्या म्हटलं. इथे तिसरा फास निघाला. सात टक्क्यांची मर्यादा लॉगिनची संख्या तेवढीच किंवा जास्त असेल तरच लागू. कमी केली की चालू छापील दर, जो तोवर 1,950 झाला होता. अठ्ठावीस लॉगिनचे वर्षाचे 6,55,200. म्हणजे माणसं तीस टक्के कमी आणि पैसे पंधरा टक्केच कमी. आणि तेही करार आधीच वाढलेला असल्यामुळे ‘मॅनेजमेंट अप्रूव्हल’ लागेल म्हणाले. ते अप्रूव्हल शेवटपर्यंत आलं नाही.

मालक म्हणाले, पैसेच देऊ नका. सोपं वाटतं. पण पैसे थकले की लॉगिन बंद, थकबाकीवर व्याज, आणि तीन वर्षांच्या सगळ्या मशिनींचा इतिहास त्यांच्याकडे. डेटा आधी उतरवून ठेवला असता तर मी वेगळ्या आवाजात बोललो असतो.

आता दाद मागायची गंमत ऐका. ग्राहकांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. सतरा मिनिटं संगीत. मग एक बाई म्हणाल्या, कंपनीच्या नावाने बिल आहे का? हो. मग तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहकाच्या व्याख्येतच बसत नाही. त्या कायद्यात ‘अन्यायकारक करार’ अशी सुंदर कल्पना आहे, पण तीही ग्राहकासाठी. पोलिस ठाण्यात गेलो, दीड तास बाकावर. हवालदारसाहेबांनी विचारलं, ओटीपी दिला का कोणाला? लिंकवर क्लिक केलं? नाही, सही केली. “मग दिवाणी आहे हो, वकील गाठा.” लघुउद्योगांसाठी सरकारचं ते पोर्टल आहे ना, तिथेही बघितलं. ते तुमच्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाने थकवले तर, तुम्हीच गिऱ्हाईक असाल तर नाही. लघुउद्योग देशाचा कणा आहे म्हणून भाषणं ठोकतात, पण त्या कण्यावर कोणी बसला तर तक्रार कुठे करायची याला खिडकी नाही. शेवटी वकील. पाच हजार फी. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “सही तुमचीच ना?” करारात वादासाठी लवाद, आणि तोही बंगळुरूला. तीन लाखांसाठी बंगळुरूच्या फेऱ्या आणि वरिष्ठ वकील लावलात तर फायद्यात कोण, हे तुम्ही अकाउंट्सवाले, तुम्हीच सांगा म्हणाले.

लोक म्हणतील ही फसवणूक नाही, करार आहे. ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. निवांत बसून बोलू हे वाक्य कुठल्या कलमात होतं?

पैसे भरले, पूर्ण 7,70,400. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन करून 7,20,000 करतो म्हणाले, अट एकच, दोन वर्षांची सही. त्यांचंही वर्ष मार्चलाच संपत असावं. ज्यांची मुदत अजून हातात आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, नोटीस आधी देऊन ठेवायची आणि मग घासाघीस करायची. नोटीस दिली म्हणजे सॉफ्टवेअर त्या दिवशी बंद पडत नाही, फक्त आपोआप वाढणं थांबतं. हे मला कोणीतरी डिसेंबरात सांगायला हवं होतं. नव्या विक्रेत्याच्या कागदावर मी तीन ओळी हाताने घातल्या: वाढीची मर्यादा प्रत्यक्ष भरलेल्या दरावर, लॉगिन कमी केले तरी लागू, आणि नूतनीकरणाचा कोट 120 दिवस आधी आला नाही तर करार आपोआप वाढणार नाही. कुरकुर केली, पण घेतल्या. म्हणजे मागितलं की मिळतं, मी 2022 मध्ये मागितलंच नव्हतं.

आणि जुन्यांना, पैसे भरले त्याच दिवशी, 27 मार्चला, पुढच्या वर्षी नको असल्याची नोटीस दिली. कायदा विभागाच्या मेलवर, वर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचा फोन आला, “सर, एवढी काय घाई? अजून अख्खं वर्ष आहे, जानेवारीत बसून बोलू ना.”

पोचपावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रेघ मारलेल्या कागदाला टाचून.