पहिल्या पाचांत येण्याची हमी होती, पण कोणत्या शब्दांवर?

माझं शिलाई मशिनचं दुकान आहे. नव्या मशिनींची विक्री, जुन्यांची दुरुस्ती, सुटे भाग. गेल्या तीन वर्षांत आम्ही यूट्यूबवर चाळीस व्हिडिओ टाकले. काही निव्वळ जाहिरातीचे, तर काहींमध्ये आमचे दुरुस्तीवाले काका सुई कशी बसवायची, दोऱ्याचा ताण कसा जुळवायचा, हे दाखवतात. नावं मीच द्यायचे, सुचतील तशी. खालच्या वर्णनात दुकानाचा फोन नंबर, बस्स.

अशात एका फ्रीलान्सरचा प्रस्ताव आला. चार पानी, नीट मांडलेला. त्यात लिहिलं होतं की व्हिडिओ चांगले आहेत, पण त्यांचा मेटाडेटा कच्चा आहे. म्हणजे शीर्षक, वर्णन, टॅग, हॅशटॅग आणि व्हिडिओच्या आतले टप्पे. हे खरंच होतं, म्हणूनच मी पुढे वाचलं. कामाची व्याप्ती स्पष्ट दिसत होती: चाळीस व्हिडिओ, प्रत्येकाचं शीर्षक, पाचशे शब्दांचं वर्णन, तीस टॅग आणि टप्प्यांच्या वेळा. शुल्काच्या तीन ओळी होत्या. एक, दर व्हिडिओमागे ठरावीक रक्कम. दोन, 'शोधशब्द संशोधन', ज्याची रक्कम दहा व्हिडिओंच्या शुल्काइतकी. तीन, काम संपल्यावर ऐच्छिक मासिक देखभाल. पहिल्या दोन ओळींच्या बेरजेतले निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे 'निकाल दिसल्यावर'.

या शेवटच्या दोन शब्दांवर मी भाळले. निकाल दिसल्याशिवाय निम्मे पैसे द्यायचेच नाहीत, मग धोका कसला, असं वाटलं. शिवाय त्याने एक व्हिडिओ फुकट करून दाखवला. आमच्या पिको-फॉल मशिनच्या व्हिडिओचं शीर्षक बदललं आणि तीन दिवसांनी स्क्रीनशॉट पाठवला: शोधात आमचा व्हिडिओ पहिला. मी माझ्या फोनवर तेच शब्द टाकून पाहिले. खरंच पहिला होता. त्याच दिवशी मी होकार कळवला, आगाऊ पैसे पाठवले आणि यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांमधून त्याला संपादकाचा प्रवेश दिला. पासवर्ड दिला नाही, एवढी एक गोष्ट माझ्याकडून बरोबर झाली.

आता तो शब्दसमूह सांगते: 'पिको फॉल शिलाई मशीन दुकान स्पेशल ऑफर डेमो व्हिडिओ'. असं कोण शोधतं? शीर्षक हुबेहूब तेच ठेवलं आणि ते शब्द त्या क्रमाने दुसऱ्या कुणीच लिहिलेले नसले, तर आपला व्हिडिओ वर येणारच. रिकाम्या मैदानातली शर्यत होती ती. आमच्याकडे मशीन घेऊन येणारी बाई म्हणते, "टाके सोडतंय हो." दुसरी म्हणते, "खालचा दोरा वर येतोय." लोक शोधाच्या चौकटीत हेच टाकतात. ताळा घेणं सोपं आहे. लॉगिन न केलेल्या खासगी विंडोत शब्दसमूहाचे पहिले दोन-तीन शब्द टाकायचे आणि खाली कोणत्या सूचना येतात ते बघायचं. 'शिलाई मशीन टाके' एवढं टाकलं की मला पुढचे शब्द सुचवले जातात. त्याच्या शब्दसमूहाचे चार शब्द टाकल्यावर एकही सूचना येत नव्हती. हे मी पैसे देण्याआधी केलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

काम चार दिवसांत संपलं. चाळीसही व्हिडिओंची शीर्षकं बदलली, वर्णनं लांबलचक झाली. पाठोपाठ चाळीस स्क्रीनशॉट आले, सगळीकडे आम्ही पहिल्या पाचांत. मी उरलेले निम्मे पैसेही देऊन टाकले.

गडबड आधी काकांच्या लक्षात आली. मशीन विकत घेतलेल्या गिऱ्हाइकांना ते आमच्या व्हिडिओंच्या लिंक पाठवतात. ते म्हणाले, "ताई, सगळ्या व्हिडिओंची नावं एकसारखीच झालीत, कुठला कशाचा तेच कळेना." मी बसून एकेक उघडला. चाळीस वर्णनांत मजकूर एकच, फक्त मशिनचं नाव बदललेलं. दोन ठिकाणी तर तेही बदलायचं राहिलं होतं, आणि फॅशन डिझाइन मशिनच्या वर्णनात सुई बदलण्याच्या व्हिडिओचं नाव होतं. टप्पे सगळीकडे 00:00, 01:00, 02:00 असे मिनिटामिनिटाला, 'ओळख', 'वैशिष्ट्ये', 'ऑफर' या नावांनी. बॉबिन भरण्याचा आमचा व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. त्यालाही दोन मिनिटांवरचा टप्पा दिलेला! तिथे मला कळलं की माणसाने व्हिडिओ उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. टप्प्यांच्या वेळा व्हिडिओ बघितल्याशिवाय बरोबर लिहिता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाचं काम तपासायचं झालं तर मी आधी तेच बघते.

खरं नुकसान वेगळंच होतं. 'मशीन टाके सोडते? ही तीन कारणं बघा' हा काकांचा व्हिडिओ आमचा सगळ्यात चालणारा. तो बघून लोक फोन करायचे. त्याचं शीर्षक या फ्रीलान्सरने 'सर्वोत्तम शिलाई मशीन दुकान | दुरुस्ती ऑफर | डेमो' असं केलं होतं. महिनाभरात त्या व्हिडिओवरून येणारे फोन जवळजवळ थांबले.

मग मी स्टुडिओतल्या विश्लेषणात गेले, जिथे प्रेक्षक कुठून आले ते दिसतं. तिथे 'यूट्यूब शोध' उघडलं की लोकांनी नेमके कोणते शब्द टाकून व्हिडिओ गाठला त्याची यादी मिळते. त्याच्या चाळीस शब्दसमूहांपैकी एकही त्या यादीत नव्हता. आधीच्या महिन्यांच्या यादीत मात्र 'मशीन टाके का सोडते', 'दोरा सारखा तुटतो', 'खालचा दोरा गोळा होतो' असे शब्द ओळीने होते. म्हणजे ज्याला तो संशोधन म्हणत होता आणि ज्याचे दहा व्हिडिओंइतके पैसे त्याने घेतले, ते माझ्याच खात्यात तयार पडलेलं होतं. त्याने ते पाहिलं नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन काय विचारतं, हेही मला एकदासुद्धा विचारलं नाही.

मी त्याला लिहिलं की निकाल खोटा आहे, पैसे परत करा. उत्तरात त्याने प्रस्तावातलं चौथं कलम दाखवलं: 'ठरलेल्या शोधशब्दांवर व्हिडिओ पहिल्या पाचांत न आल्यास उर्वरित शुल्क देय नाही. शोधशब्द सेवादाता निश्चित करेल.' हमी खरी होती आणि ती त्याने पाळलीही होती. शब्द निवडायचा हक्क मात्र त्याने स्वतःकडे ठेवला होता, आणि हे वाक्य मी वाचूनही सोडून दिलं होतं. बरं, निदान वर्णनं तरी दुरुस्त करून द्या म्हटलं, तर सहावं कलम पुढे आलं: 'दोन दुरुस्त्या मोफत. एका रकान्यातील एक बदल म्हणजे एक दुरुस्ती.' मला वाटलं होतं दर व्हिडिओला दोन. त्याच्या हिशेबाने अख्ख्या कामात दोन. एक शीर्षक आणि एक वर्णन बदललं की संपलं, पुढच्या प्रत्येक बदलाला पैसे. आणि हे सगळं टाळायचं असेल तर मासिक देखभाल घ्या, असा सल्ला.

त्याच आठवड्यात यूट्यूबचा मेल आला. एक व्हिडिओ दिशाभूल करणाऱ्या मेटाडेटामुळे काढून टाकला होता. त्याच्या वर्णनाच्या तळाशी त्याने मोठमोठ्या मशीन कंपन्यांची नावं आणि व्हिडिओशी संबंध नसलेले प्रसिद्ध शब्द स्वल्पविराम देत कोंबले होते. त्यातल्या बहुतेक कंपन्यांच्या मशिनी आम्ही ठेवतही नाही. असे शब्दांचे ढीग वर्णनात घालायला मनाई आहे. पहिल्या वेळी इशाऱ्यावर भागतं, पण त्यानंतर नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होतो. तसाच ढीग आमच्या आणखी अठ्ठावीस व्हिडिओंत होता. त्या रात्री दुकान बंद केल्यावर काका आणि मी बसलो आणि वर्णनांतले ते सगळे ढीग काढून टाकले. त्याचा प्रवेश त्याआधीच बंद केला होता.

टॅगबद्दलही सांगते, कारण प्रस्तावात 'तीस टॅग' हे फार मोठं काम म्हणून दाखवलेलं असतं. यूट्यूबच्या स्वतःच्या मदत पानावर लिहिलं आहे की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो आणि लोक नाव चुकीचं लिहितात अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. पाचशे शब्दांचं वर्णनही तसंच. शोधात आणि व्हिडिओखाली पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. मोजता येतील अशा वस्तूंनी व्याप्ती भरलेली असली की काम भरपूर वाटतं. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे. त्या शंभरांत गिऱ्हाइकाची अडचण तिच्याच शब्दांत बसवणं, हेच खरं कष्टाचं काम, आणि त्यासाठी व्हिडिओ बघावा लागतो, चार माणसांशी बोलावं लागतं.

जुनी शीर्षकं मी कुठेच लिहून ठेवली नव्हती आणि स्टुडिओत ती परत मिळवायची सोय मला सापडली नाही. शेवटी काकांनी गिऱ्हाइकांना पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक कामी आल्या. लिंक पाठवताना तिच्यावर जे शीर्षक दिसतं ते नंतर बदलत नाही. त्यातून चोवीस शीर्षकं मिळाली. हात लावण्याआधी सगळा जुना मजकूर एका फाइलमध्ये उतरवून द्या, एवढी एक ओळ मी प्रस्तावात घालून घ्यायला हवी होती.

आता दुसरी एक मुलगी हे काम करते आहे. तिच्याशी ठरवताना मी चाळीसचा आकडा काढलाच नाही. ज्या बारा व्हिडिओंना शोधातून प्रेक्षक येतात तेवढेच घेतले. आधी तीनच करायचे, त्यांचे पैसे लगेच द्यायचे आणि सहा आठवड्यांनी शोधशब्दांची यादी दोघींनी मिळून बघायची, मग पुढचे नऊ. शोधशब्द मी आणि काकांनी द्यायचे, तिने तपासायचे. एका व्हिडिओतली सगळी फेरफार मिळून एक दुरुस्ती, आणि प्रत्येक व्हिडिओला अशा दोन. क्रमांकाची हमी तिने दिली नाही. विचारल्यावर म्हणाली, "ताई, तुमच्या फोनवर वेगळा क्रम दिसतो, माझ्या फोनवर वेगळा. कसली हमी देऊ?"

टाके सोडण्याच्या व्हिडिओला जुनं शीर्षक परत दिलं आहे. गेल्या आठवड्यात त्यावरून तीन फोन आले. पूर्वी एका दिवसात येत होते तेवढे.