प्रश्नचिन्ह एकच, सूर दोन

मराठीत ‘तू चहा घेणार का?’ वाचताना प्रश्नाचं काम ‘का’ करतो, त्यामुळे सूर सपाट राहिला तरी भागतं. इंग्रजीत ‘का’ नाही.

‘डू यू वॉन्ट टी?’ घ्या. उत्तर हो किंवा नाही. ‘डू यू’ घाईत, जवळजवळ ‘ड्यु’ असं उरकायचं, जोर ‘टी’वर द्यायचा आणि तिथेच सूर खालून वर न्यायचा. आपण चारही शब्द सारख्या वजनाने वाचतो, मग ते यादी वाचल्यासारखं वाटतं.

‘व्हेअर डू यू लिव्ह?’चं उलट. इथे ‘व्हेअर’नेच प्रश्न सांगून टाकलाय, म्हणून ‘लिव्ह’वर सूर सहसा खाली येतो, अगदी ‘आय लिव्ह इन पुणे’ या विधानासारखा. (मृदूपणे विचारताना तो चढवतातही.) मात्र जोर ‘व्हेअर’वर देऊन सूर चढवलात, तर ऐकणाऱ्याला ‘कुठे म्हणालात?’ असं ऐकू येतं आणि तो आधीचंच उत्तर पुन्हा सांगतो.

फोनवर ‘यू आर लीव्हिंग’ दोनदा रेकॉर्ड करा, एकदा विधान, एकदा प्रश्न. शब्द तेच आहेत. दुसऱ्याला ऐकवल्यावर प्रश्न कोणता हे ओळखता आलं नाही, तर शेवटचा ‘लीव्हिंग’ अजून सपाटच आहे.