एका ओळीत एक माणूस, एक पाळी: स्वयंसेवकांच्या रोस्टरसाठी साधी स्प्रेडशीट, काही महिन्यांच्या वापरानंतर

चार दिवसांच्या महोत्सवासाठी आम्ही वेगळं ॲप घेतलं नाही. नावनोंदणीपासून प्रमाणपत्रं वाटून होईपर्यंत सगळं काम एका ऑनलाइन स्प्रेडशीटवर चाललं. आता तो हिशोब बंद झालाय, तेव्हा काय टिकलं आणि काय अडलं ते सविस्तर लिहितो.

बहुतेक ठिकाणी रोस्टर म्हणजे एक मोठा तक्ता असतो: वर वेळा, डावीकडे जागा, चौकोनात नावं. भिंतीवर लावायला तो उत्तम, पण हजेरी लिहायला त्यात जागाच नसते. आम्ही प्रत्येक नेमणुकीला स्वतंत्र ओळ दिली. एकच स्वयंसेवक तीन पाळ्या करणार असेल तर त्याच्या तीन ओळी. रकाने असे: A महोत्सवाचा दिवस, B जागा, C सुरुवात, D शेवट, E स्वयंसेवक क्रमांक, F स्थिती, G आल्याची वेळ, H गेल्याची वेळ. नावाऐवजी क्रमांक, कारण एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं की शीटच्या लेखी ती दोन माणसं होतात.

C आणि D मध्ये वेळेबरोबर तारीखही हवीच. रात्री 10 ते 2 ही पाळी नुसत्या वेळांनी लिहिली तर वजाबाकी उणे येते. तारीख असली की एकाच माणसाला एकाच वेळी दोन जागी नेमलंय का, हेही लगेच कळतं:

```
=COUNTIFS(E:E,E2,C:C,"<"&D2,D:D,">"&C2)>1
```

उत्तर TRUE आलं की त्याच्या पाळ्या एकमेकांवर चढल्या आहेत. आम्ही या ओळींना लाल रंग लावून ठेवला होता आणि शीटचा सगळ्यात जास्त उपयोग मला इथेच झाला.

हजेरीचा भाग मात्र माणसांवर उभा आहे. फाटकावर गर्दी असताना शिफ्टप्रमुख मोबाइलवर शीट उघडत नाही, त्याने उघडावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. आम्ही प्रत्येक पाळीची छापील यादी दिली. आलेल्याने स्वतः वेळ लिहून सही करायची, पंधरा मिनिटं झाली की न आलेल्यांना फोन, आणि कागद त्याच रात्री शीटवर चढवायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ‘बहुतेक आला होता’ एवढंच उत्तर मिळतं.

स्थितीच्या रकान्यात तीनच शब्द ठेवा: हजर, गैरहजर, रद्द. रद्द म्हणजे पाळीपूर्वी कळवलेलं. उशीर वेगळा लिहायची गरज नाही, तो आल्याच्या वेळेवरून निघतो. बदली माणूस आला तर जुनं नाव खोडू नका, त्याची स्थिती लिहून नव्या माणसाची नवी ओळ घाला. आणि रिकामा चौकोन म्हणजे गैरहजर नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की नोंद झालेली नाही. हा फरक पाळला नाही तर प्रामाणिकपणे चार तास उभा राहिलेला माणूस यादीतून गळतो, केवळ त्याचा कागद हरवला म्हणून. प्रमाणपत्राच्या वेळी अशा माणसाला ‘तुमची हजेरी दिसत नाही’ म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

नोंद नीट असली की पुढच्या दिवसाचं नियोजन तिच्यावर करता येतं:

```
=COUNTIFS(B:B,"गेट",F:F,"हजर")/(COUNTIFS(B:B,"गेट",F:F,"हजर")+COUNTIFS(B:B,"गेट",F:F,"गैरहजर"))
```

रद्द आणि रिकाम्या ओळी यात धरलेल्या नाहीत. समजा उत्तर 0.8 आलं आणि गेटवर 10 माणसं हवीत. 10 भागिले 0.8 म्हणजे 12.5, म्हणून 13 नावं. पण हे सरासरीचं गणित आहे. तेराजणांत पाच मित्रांचा गट असेल तर ते पाचही येतात किंवा पाचही येत नाहीत, आणि सूत्राला मैत्री दिसत नाही. म्हणून गट दोन जागांत विभागा. प्रत्येक जागी जादा नावं भरण्यापेक्षा त्या वेळेसाठी सगळ्या जागांची मिळून एक राखीव तुकडी ठेवणं मला जास्त पटलं. सगळीकडे एकाच वेळी गळती क्वचितच होते, म्हणून थोडी माणसं पुरतात. शिवाय जागोजागी जादा झालेले लोक काम नसल्याने कंटाळतात आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत.

दिवसांची सरासरीही एकत्र करू नका. शेवटच्या रात्री मांडव आवरायच्या पाळीला उद्घाटनाच्या पाळीचं प्रमाण लावलं तर हात कमी पडतील.

उणिवा आहेतच. पाळी बदलल्याचा निरोप शीट आपोआप पाठवत नाही, तो आम्ही हाताने पाठवला. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप मिळतेय का, हे क्रमांकावर आणि सुरुवातीवर क्रम लावून डोळ्यांनीच पाहावं लागलं. फोन नंबर वेगळ्या, मोजक्याच लोकांना दिसणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. शिफ्टप्रमुखाला त्याच्या पाळीपुरतेच नंबर छापून द्या आणि कागद परत घ्या. शंभर-दोनशे स्वयंसेवकांपर्यंत ही पद्धत मी पुन्हा वापरेन. पाळ्यांची अदलाबदल स्वयंसेवकांनी आपापसात करावी असं तुमच्याकडे ठरलं असेल, तर मात्र त्यासाठीच बनवलेलं ॲप घ्या.