अल्-शम्स लिहावं की अश्-शम्स? अरबीच्या वहीसाठी दोन पद्धतींची तुलना

अरबी शिकताना देवनागरीत टिपणं काढणाऱ्याला सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. 'सूर्य' हा शब्द निश्चयवाचक 'अल्' लावून लिहिला की त्यात अलिफ, लाम, शीन, मीम, सीन अशी पाच अक्षरं दिसतात: الشمس. बोलताना मात्र लाम ऐकू येत नाही, तो पुढच्या शीनमध्ये मिसळून त्याला दुप्पट करतो: अश्-शम्स. 'चंद्र' म्हणताना लाम स्वच्छ उमटतो: अल्-कमर. या दोन शब्दांवरूनच २८ अक्षरांचे १४ सूर्याक्षरं आणि १४ चंद्राक्षरं असे गट पडले. वहीत मग लिपीप्रमाणे 'अल्-शम्स' लिहायचं की कानाप्रमाणे 'अश्-शम्स'?

लिपीप्रमाणे

या पद्धतीचा मोठा फायदा शोधताना कळतो. टंकलिखित शब्द नेहमी अलिफ-लामनेच सुरू होतो, त्यामुळे वहीतलं 'अल्' पाहून शोधखिडकीत काय टाइप करायचं ते लगेच कळतं. शब्दाचं रूपही वहीभर एकच राहतं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची रोमन पद्धतही लाम कायम ठेवते. दुबईतल्या पाट्यांवरही रोमन लिपीत 'अल सतवा', 'अल रशिदिया' असंच असतं, लोक मात्र 'अस्-सत्वा', 'अर्-राशिदिय्या' म्हणतात.

तोटा असा की डोळ्यांना दिसणारा लाम जिभेवर येतो. 'अल्-शम्स' असं लाम सुटा ठेवून म्हटलेलं अरबी माणसाला समजतं, पण चुकीचं वाटतं, आणि महिनाभर तसं वाचलं की सवय मोडायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक वेळी पुढचं अक्षर कोणत्या गटातलं हे आठवावं लागतं.

उच्चाराप्रमाणे

इथे वाचताना विचार करावा लागत नाही. मराठी वाचकाला ही रूपं ओळखीचीही आहेत: अब्दुल करीममध्ये लाम आहे, अब्दुर्रहमान आणि निजामुद्दीनमध्ये तो र आणि द झाला आहे. जोडणीची रेघ न विसरता ठेवली तर मूळ लिपीतला 'अल्'ही हरवत नाही. 'अन्-नूर' दिसलं की रेघेआधीचं अक्षर काढून तिथे लाम ठेवायचा, झालं. उलट दिशेने, 'अल्'वरून उच्चाराकडे जायला चौदा अक्षरं पाठ हवीत.

त्रास दोन ठिकाणी होतो. द्वित्व गाळून 'अशम्स' लिहिलं तर उच्चारही चुकतो आणि परतीचा मार्गही बंद होतो. दुसरं, स्वरानंतर 'अल्'चा अलिफही गळतो, म्हणून रूपं बदलत राहतात. कुराणातल्या ९१व्या सूरेची सुरुवात पाहा. तिथे 'वश्-शम्सि' येतं, म्हणजे अलिफ आणि लाम दोन्ही लिहिलेले, पण दोन्ही मूक. पुढच्याच आयतीत 'वल्-कमरि', तिथे फक्त अलिफ मूक. मुसहफात, म्हणजे कुराणाच्या प्रतीत, ही खूण छापलेली असते: सूर्याक्षरावर शद्दा हे द्वित्वाचं चिन्ह, चंद्राक्षराआधीच्या लामवर सुकून हे स्वर नसल्याचं चिन्ह. वर्तमानपत्रात यातलं काहीच नसतं.

गट ओळखायचा कसा

ता, था, दाल, धाल, रा, झाय, सीन, शीन, साद, दाद, जड ता, जड झा, लाम, नून ही सूर्याक्षरं. पाठ करण्यापेक्षा उच्चारस्थान पाहा. ल म्हणताना जिभेचा शेंडा दातांमागे टेकतो, आणि शेंड्याने किंवा त्याच्या लगतच्या भागाने होणारी अक्षरंच लामला गिळतात. ओठांची (ब, फ, म, व), पडजिभेची आणि घशाची (क, ख, ह, ऐन) गिळत नाहीत. आपल्या वर्णमालेची स्थानवार मांडणी ज्याच्या अंगवळणी आहे त्याला हे लवकर उमगतं. अपवाद जीमचा: प्रमाण उच्चारात तो जिभेच्या पुढच्या भागाने होतो, तरी चंद्राक्षर, म्हणून 'अल्-जामिआ'. पूर्वी त्याचा उच्चार ग-सारखा मागे होत असे, कैरोत आजही 'ग'च होतो.

दोन्ही पद्धतींना चकवणारा शब्द

التزام. अलिफ, लाम, मग ता हे सूर्याक्षर. नवशिका 'अत्-तिझाम' वाचतो. पण इथला लाम धातूचा (ल-झ-म) आहे आणि उच्चार 'इल्तिझाम'. मिसळतो तो फक्त 'अल्'चा लाम. अलिफ-लाम काढून पाहा: 'तिझाम' असा शब्द कोशात मिळत नाही, म्हणजे लाम मूळचाच.

कोणी काय निवडावं

आखातात कामाला जाणाऱ्याने, संभाषण शिकणाऱ्याने किंवा पठण करणाऱ्याने उच्चाराप्रमाणे लिहावं, रेघ आणि द्वित्व कधीही न गाळता. ग्रंथसूची, अनुक्रमणिका किंवा शोधासाठी नोंदी करणाऱ्याने लिपीप्रमाणे. दोन्ही कामं असतील तर पहिल्या रकान्यात अरबी शब्द आणि दुसऱ्यात उच्चार ठेवावा. देवनागरी 'अल्-शम्स'ची तिथे गरजच उरत नाही. सीन, साद आणि था तिन्हींना आपण बहुधा 'स' लिहितो, त्यामुळे अचूक वर्णलेखन देवनागरीतून तसंही मिळत नाही. अरबी रकाना असला की 'ला' या अर्थाचं 'लि' जोडल्यावर होणारा बदलही नजरेस पडतो: للشمس, म्हणजे 'लिश्-शम्स'. इथे अलिफ लिपीतूनही जातो, लाम मात्र लिहिला जातो.