भिंतीला भोक नको म्हणणारा घरमालक: विंडो एसी की स्प्लिट एसी?

पुण्यात भाड्याच्या बेडरूमसाठी आम्ही दोन्ही पर्याय तपासले. स्प्लिटचा पाइप सरकत्या खिडकीतून नेता येतो. एक काच काढून तिथे अ‍ॅक्रिलिकची शीट लावायची आणि भोक त्या शीटला पाडायचं. बाहेरचं युनिट बाल्कनीत जमिनीवरच्या स्टँडवर ठेवता येतं. पण आतल्या युनिटची पत्र्याची प्लेट भिंतीत स्क्रू मारूनच बसते. म्हणजे ड्रिल काही टळत नाही, आणि घर बदलताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. लेखी परवानगी नसेल तर स्प्लिट घेऊच नका.

विंडो एसी मात्र भिंतीला हात न लावता बसतो. आम्ही एक टनाचा घेतला. तो जवळपास पन्नास किलोचा, त्यामुळे खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीवर भार नको. खोलीत जमिनीवर लोखंडी स्टँड ठेवून मागचा भाग खिडकीबाहेर काढला. उरलेली जागा प्लायने बंद केली, फटींत फोम भरला.

दोन गोष्टी नीट बघा. एसीच्या बाजूच्या जाळ्या पूर्ण बाहेर हव्यात, त्या झाकल्या तर कॉम्प्रेसर तापून सारखा बंद पडतो. आणि मागची बाजू किंचित खाली हवी. आमचा स्टँड आधी सपाट होता. दुसऱ्याच रात्री पाणी गादीपर्यंत आलं. पुढच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवले आणि गळती थांबली.

आवाज स्प्लिटपेक्षा जास्त आहे, झोपेत जाणवतो. तरी भाड्याच्या खोलीत मी विंडोच घेईन.