तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झालं का?

नाही, आणि हा घोळ बातम्यांच्या मथळ्यातसुद्धा सर्रास होतो. राजकोषीय तूट म्हणजे एका वर्षात सरकारने कमाईपेक्षा जो जास्तीचा खर्च केला तो, आणि सार्वजनिक कर्ज म्हणजे आजवर साचलेली अन् अजून फेडायची राहिलेली उधारी. त्यामुळे तुटीला 'कुठल्या वर्षाची' असं विचारायचं, कर्जाला 'कुठल्या तारखेचं'.

समजा एका सरकारवर 100 कर्ज आहे आणि जीडीपी 200, म्हणजे कर्ज 50 टक्के. यंदा तूट 8, कर्ज झालं 108. पुढच्या वर्षी तूट 5 वर आली, लगेच 'सरकारचा बोजा हलका' अशी चर्चा सुरू, पण कर्ज तर 113 झालंय! फक्त वाढीचा वेग मंदावला. रक्कम खरंच घटायला तूट शून्याच्या खाली जावी लागते, म्हणजे शिल्लक उरावी लागते.

आता खरी गंमत बघा, या दोन वर्षांत जीडीपी 200 चा 240 झाला असेल तर 113 कर्ज म्हणजे साधारण 47 टक्केच, म्हणजे रक्कम वाढली तरी प्रमाण घटलं. आणि परकीय चलनातलं कर्ज असेल तर नुसतं आपलं चलन घसरलं तरी तूट न वाढता कर्ज फुगतं.