लॅक्टुलोज सिरप: सहा महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. चिवट बद्धकोष्ठावर लॅक्टुलोज काम करतं, पण ते रात्री घेऊन सकाळी पोट साफ करणारं औषध नाही. त्याला २४ ते ४८ तास लागतात, कधी तिसरा दिवस उजाडतो. आणि नेमक्या याच तीन दिवसांत गॅसेसचा कहर असतो. त्यामुळे बहुतेक जण तिसऱ्या दिवशी "यानं नुसतं पोट फुगतं, होत काहीच नाही" म्हणून बाटली बाजूला ठेवतात. फायद्याच्या एक दिवस आधी सोडलेलं औषध, असं त्याचं साधं वर्णन करता येईल.

गॅस आणि फायदा दोन्ही एकाच कारणातून येतात. लॅक्टुलोज ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जोडून बनवलेली साखर. ही जोडी तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही, म्हणून ती रक्तात न शिरता जशीच्या तशी मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. विरघळलेली साखर जिथे असते तिथे पाणी धरून ठेवते. बाजारातल्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलीत १० ग्रॅम लॅक्टुलोज असतं, आणि तेवढी साखर साधारण १०० मिली, म्हणजे अर्धा पेला पाणी आतड्यात अडवू शकते. मोठ्या आतड्याचं एरवीचं काम मलातलं पाणी शोषून घेण्याचं. मल तिथे जितका रेंगाळतो तितका सुकतो आणि शेवटी लेंड्यांसारखे खडे होतात. त्या शोषणालाच इथे आडकाठी होते.

पुढचा भाग जंतूंचा. मोठ्या आतड्यातले जंतू ही साखर आंबवतात. त्यातून लॅक्टिक आणि अॅसिटिक आम्लं तयार होतात, त्यांचाही पाणी धरायला हातभार लागतो आणि आतड्याची हालचाल वाढते. शिवाय खाऊन पिऊन जंतूंची संख्या वाढते, तीही मलात भर घालते. आंबवण म्हटलं की वायू आलाच: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन. इडलीचं पीठ भांड्याबाहेर येतं त्यातलाच हा प्रकार. म्हणून "गॅस न होणारं लॅक्टुलोज" शोधण्यात अर्थ नाही. गॅस किती आणि कधी व्हावा, एवढंच आपल्या हातात राहतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. गुदाशयात आधीच घट्ट मलाचा खडा अडकून बसला असेल, तर वरून सिरप ओतून तो सुटत नाही. वर पाणी आणि वायू साचतो, पोट नगाऱ्यासारखं होतं आणि खड्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपतं. घरचे म्हणतात, "जुलाब लागले, औषध बंद करा." खरं तर ते जुलाब नसतात. खूण अशी: चार-पाच दिवस झालेलं नाही, बसल्यावर खाली काहीतरी अडल्यासारखं वाटतं, कुंथूनही येत नाही आणि कपड्यांना मात्र थोडं थोडं पातळ लागतं. अशा वेळी आधी खालून मोकळं करायचं, म्हणजे ग्लिसरीनची कांडी किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं एनिमा. मग सिरप. हा क्रम उलटा केला की औषधाची बदनामी ठरलेलीच.

आता डोस. लेबलावर मोठ्यांसाठी रोज १५ ते ३० मिली लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी ३० मिली घेतलं तर जंतूंना अचानक २० ग्रॅम साखर मिळते आणि त्या रात्री झोप विसरायची. खालून चढत जाणं शहाणपणाचं. समजा, घरातल्या ६८ वर्षांच्या बाईंना रक्तवाढीसाठी लोहाची गोळी सुरू आहे, त्यामुळे चौथ्या दिवशी एकदा होतं, तेही खडे. खाली काही अडलेलं नाही. पहिले चार दिवस रोज रात्रीच्या जेवणानंतर १० मिली. पहिल्या दिवशी काहीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पोटात गुडगुड. तिसऱ्या दिवशी गॅस सर्वांत जास्त, आणि त्याच दिवशी किंवा चौथ्या दिवशी पहिला मऊसर मल, बहुधा अजून भेगाळलेला. पाचव्या दिवसापासून १५ मिली. पुन्हा दोन दिवस गॅस वाढेल, मग उतरेल. नवव्या दिवशीही खडेच पडत असतील तर २० मिली, पण आता सकाळी १० आणि रात्री १०. दिवसाआड का होईना, न कुंथता, केळ्यासारखा सलग आणि मऊ मल होऊ लागला की तिथेच थांबायचं. रोज झालंच पाहिजे असा हट्ट धरून डोस वाढवू नये.

उलट बाजूही ठाऊक असावी. दिवसातून दोन-तीनदा पातळ होऊ लागलं तर ५ मिलीनं कमी करून तीन दिवस थांबावं. इथे घाई नडते, कारण आज बदललेला डोस परवा बोलतो. सकाळी झालं नाही म्हणून दुपारी जादा झाकण, संध्याकाळी आणखी एक, असं केलं की दोन दिवसांनी सगळं एकदम येतं आणि मग भीतीनं औषधच बंद होतं. वयस्कर माणसाला पातळ शौच चालूच राहिली तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. अशक्तपणा, पायात गोळे, चक्कर असं काही दिसलं तर सिरप थांबवून डॉक्टरांना विचारावं.

गॅसचं वेळापत्रक जुळवता येतं, हे वापरताना कळलेलं सगळ्यात उपयोगी. रिकाम्या पोटी घेतलेलं लॅक्टुलोज साधारण दीड-दोन तासांत मोठ्या आतड्यात पोचतं आणि मग वायू सुरू होतो. (श्वासातला हायड्रोजन मोजून आतड्याचा वेग तपासतात, त्या चाचणीत हेच लॅक्टुलोज पाजतात.) जेवणावर घेतलं की ते हळूहळू उतरतं, वायूही पसरून येतो, एकदम फुगारा होत नाही. म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेऊन नऊच्या लोकलमध्ये उभं राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय. रात्री साडेआठला जेवणावर घेतलं तर बराचसा वारा झोपेत सरतो. ज्यांना आडवं झालं की पोट तटतटतं, त्यांनी ते दुपारच्या जेवणावर न्यावं. दोन भागांत विभागलं की प्रत्येक वेळचा गॅस कमी, पण दिवसभर थोडा थोडा राहतो. आपल्याला काय परवडतं ते बघावं.

एक दिलासा असा की हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे तिन्ही वायू बिनवासाचे आहेत. आवाज होईल, वास फारसा नाही. वास येतो गंधक असलेल्या खाण्यामुळे: कांदा, लसूण, कोबी, अंडी. पहिल्या दोन आठवड्यांत हे थोडं आवरलं तर घरात निभावून जातं. राजमा, छोले, वाटाणा, फ्लॉवर तर आपापला गॅस वेगळा आणतात, त्यांना तेवढे दिवस सुट्टी. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी सिरप दुधात घालून घेऊ नये, साध्या पाण्यात घ्यावं. आणि इसबगोल त्याच आठवड्यात सुरू करू नये. दोन्ही एकदम आणली की पोट कशानं फुगलं हे कधीच कळत नाही.

बाकी ओवा-हिंगानं बरं वाटतं, सिमेथिकोनच्या गोळ्यांनी बुडबुडे एकत्र होतात, पण वायू तयार होणं त्यानं थांबत नाही. शतपावली मात्र खरंच उपयोगी पडते, कारण साचलेला वारा पुढे सरकतो. आणि काहीच न करताही आठवड्याभरात फरक पडतो. रोज तीच साखर मिळाली की ती कमी वायू करून खाणारे जंतू वाढतात. म्हणूनच अधूनमधून घेणाऱ्यांना दरवेळी गॅसचा त्रास नव्यानं होतो. गावी गेल्यावर आठ-दहा दिवस खंड पडला असेल तर परत एकदम २० मिलीवर न जाता १० पासून चढावं.

बाटलीबद्दल. चव गुळमट, पाकाच्याही पलीकडची गोड. अर्ध्या पेला गार पाण्यात ढवळली की सुसह्य. घरातला चमचा मापाला वापरू नका, कुठला ३ मिलीचा निघतो, कुठला ७ चा. सोबतच्या झाकणावर ५, १०, १५ च्या रेघा असतात. सिरप इतकं चिकट की झाकणात थर राहतो, तेव्हा तेच झाकण पाण्यानं विसळून ते पाणीही प्यायचं. बाटलीचं तोंड पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी झाकण फिरत नाही आणि मुंग्यांची रांग लागते. रंग थोडा गडद झाला तर हरकत नाही, फार काळपट किंवा गढूळ झालं तर टाकून द्यावं. रोज १५ मिलीनं २०० मिलीची बाटली तेरा दिवस पुरते, तेव्हा मोठी बाटली घेतलेली बरी.

मधुमेहींचा प्रश्न नेहमी येतो. १५ मिलीत शोषली जाणारी मोकळी साखर एका चमचाभर साखरेहून कमी असते. या डोसला सहसा अडत नाही, मोठ्या डोसला साखर तपासत राहावी. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज न पचण्याचा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अजिबात घेऊ नये. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी कुठलंच रेचक न घेता थेट रुग्णालय गाठावं. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं बद्धकोष्ठ असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

तीन आठवडे नीट चढत जाऊनही गॅस सोसवत नसेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पावडरबद्दल डॉक्टरांना विचारावं. तीही पाणीच धरते, पण जंतू तिला आंबवत नाहीत, त्यामुळे फुगारा कमी. बद्धकोष्ठासाठी तुलना केली तर ती सरसही ठरली आहे. आणि लॅक्टुलोज मानवलं असेल, लोहाच्या गोळ्यांचा कोर्सही संपला असेल, तर दर आठवड्याला ५ मिलीनं उतरत जायचं. खडे पुन्हा दिसले की त्याच्या आधीच्या पायरीवर परतायचं.